पेनीचा खेळ: नंतर निवडणाराच पुढे का राहतो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हा खेळ नेमका काय आहे?

दोन खेळाडू आणि एक साधं, खोट नसलेलं नाणं. पहिला खेळाडू छापा-काट्याची तीन अक्षरी मालिका निवडतो आणि ती उघडपणे सांगतो. ती ऐकून दुसरा स्वतःची वेगळी मालिका निवडतो. मग नाणं उडवायला लागायचं आणि निकाल एका ओळीत लिहीत जायचं. ओळीतल्या शेवटच्या तीन निकालांत ज्याची मालिका आधी दिसेल, तो जिंकला.

इथून पुढे छापा म्हणजे ‘छ’ आणि काटा म्हणजे ‘क’ असं लिहितो. समजा पहिल्याने छछक निवडलं आणि दुसऱ्याने कछछ. नाणं असं पडत गेलं: छ, क, क, छ, छ. पाचव्या फेकीला शेवटचे तीन निकाल कछछ झाले, म्हणून दुसरा जिंकला. या जोडीत एक डाव सरासरी साडेसहा फेकींत संपतो, त्यामुळे चहा येईपर्यंत बरेच डाव होतात.

खेळ वॉल्टर पेनी यांनी १९६९ मध्ये मांडला, म्हणून त्याला पेनीचा खेळ म्हणतात. त्याला खरी प्रसिद्धी मिळाली ती मार्टिन गार्डनर यांनी १९७४ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्याबद्दल लिहिल्यावर. खेळाची गंमत एका वाक्यात सांगता येते: पहिल्याने काहीही निवडलं तरी दुसऱ्याला त्याहून वरचढ मालिका नेहमी सापडते.

पण आठही तिकड्यांची शक्यता सारखीच असते ना? मग वरचढ असं काही असेलच कसं?

सारखीच असते, यात वाद नाही. नाणं तीनदा उडवलं तर छछछ, छछक, छकछ अशा आठ शक्यता आहेत आणि प्रत्येकीची संभाव्यता १/८ आहे. म्हणून नियम असा असता, की तीन फेकी करा, कोणाचीच मालिका आली नाही तर ते तीन निकाल पुसून टाका आणि पुन्हा नव्याने तीन फेकी करा, तर दोघांना अगदी समान संधी मिळाली असती.

पेनीच्या खेळात निकाल पुसले जात नाहीत. पहिली, दुसरी, तिसरी फेक मिळून एक तिकडी होते. दुसरी, तिसरी, चौथी मिळून पुढची. शेजारच्या दोन तिकड्यांत दोन निकाल सामाईक असतात. त्यामुळे एकीचं येणं दुसरीच्या येण्याशी बांधलेलं असतं, आणि सगळा फरक त्या बंधनातून पडतो. लोक हा खेळ घरी करून पाहतात आणि ‘आम्हाला तर बरोबरी दिसली’ म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा त्यांनी तीन-तीनचे सुटे गट पाडलेले असतात.

दुसरी चूक याहून फसवी आहे. आधी शंभर फेकी करून ठेवायच्या आणि त्या ओळीत छछक किती वेळा आलं, कछछ किती वेळा आलं हे मोजायचं. या मोजणीत दोघांची अपेक्षित संख्या सारखीच येते आणि यायलाच हवी. प्रश्न ‘किती वेळा’ असा नसून ‘आधी कोण’ असा आहे.

दुसऱ्याने निवडायचं कसं?

पहिल्याच्या मालिकेतलं मधलं अक्षर उलटं करा आणि ते आपल्या मालिकेच्या सुरुवातीला ठेवा. त्यामागे पहिल्याची पहिली दोन अक्षरं जशीच्या तशी लिहा. त्याचं शेवटचं अक्षर सोडून द्या.

पहिल्याचं छकछ असेल तर मधलं क, उलटं केलं की छ, त्यामागे छक. म्हणजे तुमचं छछक. एवढंच. आठही निवडींचा हिशेब असा:

| पहिल्याची निवड | दुसऱ्याची निवड | दुसरा जिंकण्याची संभाव्यता |
|---|---|---|
| छछछ | कछछ | ७/८ |
| छछक | कछछ | ३/४ |
| छकछ | छछक | २/३ |
| छकक | छछक | २/३ |
| कछछ | ककछ | २/३ |
| कछक | ककछ | २/३ |
| ककछ | छकक | ३/४ |
| ककक | छकक | ७/८ |

खालच्या चार ओळी म्हणजे वरच्याच चार ओळी, फक्त छ आणि क यांची अदलाबदल केलेल्या आणि उलट क्रमाने लिहिलेल्या. तेव्हा समजून घ्यायच्या त्या चारच.

छछछला कछछ ७/८ वेळा कसं हरवतं? हे जास्तच वाटतं.

या जोडीला कागदसुद्धा लागत नाही. छछछ ओळीत पहिल्यांदा कधी दिसेल? एक शक्यता म्हणजे अगदी सुरुवातीलाच, पहिल्या तीन फेकींत. याची संभाव्यता १/८.

तसं झालं नाही तर छछछ कधीतरी पुढे येईल. त्या पहिल्या छछछच्या लगेच आधी काय असेल? छ असू शकत नाही, कारण मग छछछ एक फेक आधीच झालं असतं. म्हणजे तिथे क असणार. पण क आणि त्यामागचे दोन छ मिळून कछछ होतं, आणि ते छछछ पूर्ण होण्याच्या एक फेक आधी पूर्ण झालेलं असतं. डाव तिथेच संपला. सुरुवातीच्या तीन फेकींत छछछ आलं नाही, तर त्याला पुन्हा संधीच नाही.

छछक विरुद्ध कछछ यातही हाच युक्तिवाद चालतो. पहिल्या दोन फेकी छछ पडल्या तर छछक जिंकलंच म्हणून समजा: पुढे कितीही छ येवोत, पहिला क पडला की छछक तयार. याची संभाव्यता १/४. पण पहिल्या दोनांत एक जरी क आला, तरी यापुढे जेव्हा केव्हा लागोपाठ दोन छ येतील, तेव्हा त्यांच्या आधी क असेलच. म्हणजे कछछ आधी पूर्ण होणार. उरलेली ३/४ दुसऱ्याची.

आणि २/३? तिथे असं एका दमात दिसत नाही.

नाही दिसत. तिथे थोडी मांडणी करावी लागते. छकछ विरुद्ध छछक घेऊ.

दोन्ही मालिका छ ने सुरू होतात, म्हणून पहिला छ पडेपर्यंत काहीच घडत नाही. कितीही क पडोत, ते वाया. पहिला छ पडला त्या क्षणापासून हिशेब सुरू करू आणि तिथून छछक जिंकण्याची संभाव्यता ‘प’ मानू.

पुढची फेक छ पडली (शक्यता १/२) तर छछ झालं. आता पहिला क पडताच छछक पूर्ण होतं आणि त्याआधी छकछ होऊच शकत नाही. म्हणजे दुसऱ्याची जीत पक्की.

पुढची फेक क पडली (शक्यता १/२) तर छक झालं. यानंतर छ पडला तर छकछ, पहिला जिंकला. क पडला तर छकक झालं, आणि त्यातलं काहीच कोणाच्या उपयोगाचं नाही. पुन्हा पहिल्या छ ची वाट पाहायची, म्हणजे आपण जिथून निघालो तिथेच आलो आणि दुसऱ्याची संधी पुन्हा प.

हे एकत्र लिहिलं की प = १/२ + (१/२ × १/२ × प), म्हणजे प = १/२ + प/४. यातून ३प/४ = १/२, म्हणून प = २/३.

इथे नजर ठेवायची ती दुसऱ्या पायरीवर. छछ झालं की दुसऱ्याची वाट एकदम मोकळी, उलट छक झालं तरी पहिल्याला अजून अर्धीच संधी. त्याचा डाव फसला की तो शून्यावर येतो. दुसऱ्याचा डाव एकदा छछपर्यंत पोचला की फसतच नाही.

छकक विरुद्ध छछक हे गणितही जवळजवळ असंच आहे. फरक इतकाच, की छक नंतर क पडला तर पहिला जिंकतो आणि छ पडला तर आपण पुन्हा ‘नुकताच एक छ पडलाय’ या स्थितीत येतो. समीकरण तेच, उत्तर तेच.

मधलं अक्षर उलटंच का करायचं? तसंच ठेवलं तर?

तर सगळा फायदा जातो आणि बरोबर निम्मी-निम्मी संधी उरते. हे मला या खेळातलं सगळ्यात सुंदर कलम वाटतं.

पहिल्याची पहिली दोन अक्षरं आपल्या मालिकेच्या शेवटी ठेवल्यामुळे काय होतं? त्याला जिंकायला ती दोन अक्षरं लागोपाठ यावीच लागतात. ती आली, आणि त्यांच्या आधीचं अक्षर आपल्याला हवं ते असलं, की आपण त्याच्या एक फेक आधी संपवतो. इथवर पहिलं अक्षर कोणतंही असलं तरी युक्ती लागू आहे.

पण हीच युक्ती तो आपल्यावर उलटवू शकतो का, हे पहिल्या अक्षरावर ठरतं. छछकपुढे मधलं अक्षर न उलटवता लिहिलं तर आपली मालिका छछछ होते. आता दोघांनाही आधी छछ हवं, मग पुढच्या फेकीवर निकाल. सरळ बरोबरी. छकछपुढे न उलटवता कछक येतं. ही दोन एकमेकांची आरशातली रूपं, त्यामुळे पुन्हा बरोबरी. उलटवलं, की पहिल्याच्या मालिकेची शेवटची दोन अक्षरं आपल्या मालिकेच्या पहिल्या दोनांशी जुळूच शकत नाहीत, आणि त्याला आपल्या तयारीवर फुकट स्वार होता येत नाही.

मग सगळ्यात भारी तिकडी कोणती?

अशी तिकडीच नाही. तक्ता पुन्हा पाहा: कछछ हरवतं छछकला. ककछ हरवतं कछछला. छकक हरवतं ककछला. आणि छछक हरवतं छककला. चार पावलांत आपण निघालो तिथेच परत.

पळण्याच्या शर्यतीत अ हा ब पेक्षा वेगवान आणि ब हा क पेक्षा वेगवान असेल तर अ हा क पेक्षा वेगवान असतोच. इथे तसं होत नाही. ‘वरचढ असणं’ हा मालिकेचा स्वतःचा गुण नाही, तो दोन मालिकांमधला संबंध आहे. म्हणूनच आधी बोलणारा फसतो: त्याने निवड सांगितली की त्याच्याशी नेमका संबंध जुळणारी मालिका शोधणं एवढंच दुसऱ्याचं काम उरतं.

जी मालिका सरासरीने लवकर येते, तीच आधी येत असेल, असं साधं नाही का?

नाही, आणि इथे भलेभले अडखळतात.

एकच मालिका घेऊन ती पहिल्यांदा येईपर्यंत सरासरी किती फेकी लागतात हे काढलं तर उत्तरं अशी येतात: छछक, छकक, कछछ, ककछ यांना प्रत्येकी ८, छकछ आणि कछक यांना १०, छछछ आणि ककक यांना १४.

छछछला इतका वेळ का? लांबलचक ओळीत तेही सरासरी आठ जागांमागे एकदाच येतं, इतरांइतकंच. पण ते झुंडीने येतं. छछछ आलं आणि पुढची फेक पुन्हा छ पडली की लगेच दुसरं छछछ; असं होण्याची शक्यता निम्मी. एका झुंडीत सरासरी दोन छछछ असतात, त्यामुळे दोन झुंडींमधलं अंतरही तितकंच वाढतं. एसटी स्टँडवर तासभर गाडी नाही आणि मग एकाच गावच्या दोन एकदम लागतात, तसं: दिवसभराच्या फेऱ्या वेळापत्रकाप्रमाणेच भरतात, पण नव्याने येऊन उभ्या राहिलेल्या माणसाची वाट लांबते.

आता छछक आणि कछछ यांच्याकडे पाहा. दोघांचीही सरासरी वाट आठच फेकींची. तरी समोरासमोर एक दुसऱ्याला तीनास एक या प्रमाणात हरवतं. सरासरी वाट प्रत्येकाची वेगवेगळी, एकेकट्याने मोजलेली असते. शर्यत एकाच ओळीत होते. सरासरीत छछकच्या बाजूने मोजले जाणारे कितीतरी डाव असे असतात, की ते येईपर्यंत कछछ येऊन गेलेलं असतं.

हळू येणारी मालिका लवकर येणारीला हरवते, असंही होतं का?

चार अक्षरांवर गेलं की होतं. कछकछ आणि छकछछ घ्या. पहिलीला सरासरी २० फेकी लागतात, दुसरीला १८. तरीही समोरासमोर कछकछ ९/१४ वेळा, म्हणजे १०० पैकी साधारण ६४ डाव जिंकते. हे हाताने पडताळायचं तर पुढच्या प्रश्नातली कॉनवेची रीत वापरा.

प्रत्येक जोडीसाठी समीकरणं मांडायची? सोपी रीत नाही का?

आहे, आणि ती जॉन कॉनवे यांची. गार्डनर यांनीच ती लोकांपर्यंत पोचवली. रीत इतकी छोटी आहे की ती चालते यावर आधी विश्वास बसत नाही.

दोन मालिका घ्या, समजा अ आणि ब. अ चं शेपूट ब च्या तोंडाशी जुळतं का ते तपासायचं: अ ची शेवटची चार अक्षरं म्हणजेच ब ची पहिली चार अक्षरं आहेत का? शेवटची तीन आणि पहिली तीन जुळतात का? दोन? एक? चार जुळली तर ८ गुण, तीन जुळली तर ४, दोन जुळली तर २, एक जुळलं तर १. जे जे जुळेल त्याचे गुण मिळवायचे. या बेरजेला ‘अब’ म्हणू. तिकड्यांसाठी गुण ४, २, १.

मग ब जिंकण्याचं आणि अ जिंकण्याचं प्रमाण असं येतं:

(अअ − अब) : (बब − बअ)

अ = छकछछ आणि ब = कछकछ मानून पाहू.

अअ: छकछछ स्वतःशी. चारही जुळतात, ८. शेवटची तीन कछछ, पहिली तीन छकछ, नाही. शेवटची दोन छछ, पहिली दोन छक, नाही. शेवटचं छ, पहिलं छ; १. एकूण ९.

अब: छकछछचं शेपूट, कछकछचं तोंड. चार नाहीत. कछछ आणि कछक नाही. छछ आणि कछ नाही. छ आणि क नाही. एकूण ०.

बब: कछकछ स्वतःशी. चार जुळतात, ८. छकछ आणि कछक नाही. कछ आणि कछ जुळतात, २. छ आणि क नाही. एकूण १०.

बअ: कछकछचं शेपूट, छकछछचं तोंड. चार नाहीत. छकछ आणि छकछ जुळतात, ४. कछ आणि छक नाही. छ आणि छ जुळतं, १. एकूण ५.

प्रमाण (९ − ०) : (१० − ५), म्हणजे ९ : ५. ब जिंकण्याची संभाव्यता ९/१४.

याच गुणांतून सरासरी वाटही मिळते: मालिकेची स्वतःशी येणारी बेरीज दुप्पट करायची. ९ चे १८, १० चे २०. छछछसाठी ४ + २ + १ = ७, दुप्पट १४. हातात पेन्सिल असेल तर वरचा आठ ओळींचा तक्ता दहा मिनिटांत पडताळून होतो.

दोन अक्षरांनी खेळलं तर?

तर दुसऱ्याची जादू चालत नाही. पहिल्याने छछ निवडण्याची चूक केली तर कछ त्याला ३/४ वेळा हरवतं, पण त्याने छक निवडलं की दुसरा जास्तीत जास्त बरोबरी करू शकतो. छक विरुद्ध कछ: पहिलीच फेक निकाल ठरवते, छ पडला तर छक, क पडला तर कछ. छक विरुद्ध छछ: पहिल्या छ नंतरची फेक ठरवते. दोन्हीकडे निम्मी-निम्मी. कक घेतलं तर दुसरा स्वतःच ३/४ वेळा हरतो. दुसऱ्याचं हमखास पारडं जड होतं ते तीन अक्षरांपासून.

आणि चार किंवा जास्त अक्षरांनी?

तीन किंवा त्याहून कितीही लांबी घ्या, दुसऱ्याला वरचढ मालिका मिळतेच. सर्वोत्तम उत्तराचा साचाही तोच राहतो: पुढे एक अक्षर, त्यामागे पहिल्याच्या मालिकेतलं शेवटचं सोडून बाकी सगळं. लिओ ग्विबास आणि अँड्र्यू ओडलिझ्को यांनी १९८१ मध्ये मालिकांच्या जुळणीचा सविस्तर अभ्यास मांडला, त्यात हा खेळही आहे.

पण ‘दुसरं अक्षर उलटवून पुढे ठेवा’ हा तिकड्यांचा नियम चार अक्षरांवर डोळे झाकून लावू नका. पहिल्याचं छकछछ असेल तर या नियमाने छछकछ येतं. कॉनवेच्या रीतीने त्याचं प्रमाण ६ : ४. फायद्याचं आहे, नाही असं नाही. पण आपण वर पाहिलेलं कछकछ ९ : ५ देतं, म्हणजे जास्त. चार अक्षरांपासून पुढे ‘छ’ आणि ‘क’ दोन्ही लावून पाहावं आणि ज्याचं प्रमाण मोठं ते घ्यावं.

मी पहिला असेन तर वाचायचा काही मार्ग?

निवड उघड करू नका. दोघांनी चिठ्ठीवर लिहून एकदम उघडायचं ठरलं तर दुसऱ्याचा फायदा उरत नाही. उघड सांगावंच लागणार असेल तर छछछ, ककक, छछक, ककछ यांच्या वाटेला जाऊ नका. उरलेल्या चारांत निदान तीनांतला एक डाव तुमचा.

आणि एकच डाव खेळून निघून जा. तीनांतला एक म्हणजे एका डावात अजिबात अशक्य गोष्ट नाही. दहा डाव लावले मात्र, तर २/३ संधी असलेला दुसरा खेळाडू पुढे असण्याची शक्यता सुमारे ७९ टक्के, बरोबरीची १४ टक्के, आणि तुम्ही पुढे असण्याची ८ टक्क्यांच्या आतबाहेर. दुसरा खेळाडू उदारपणे ‘तू आधी निवड, मोठा तू आहेस’ म्हणायला लागला तर सावध व्हावं.

नाणं खोटं असेल तर?

तर तक्ता बदलतो, आणि किती बदलतो हे छछछ विरुद्ध कछछ मध्ये लगेच दिसतं. तिथला युक्तिवाद नाण्यावर अवलंबून नाही: छछछ जिंकतं ते फक्त पहिल्या तीन फेकी छापा पडल्या तरच. छापा पडण्याची संभाव्यता ०.६ असली तर छछछची संधी ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे ०.२१६. एवढं झुकलेलं नाणंसुद्धा पहिल्याला वाचवत नाही. बरोबरी व्हायला छाप्याची संभाव्यता ०.७९४ च्या आसपास लागते. खिशातल्या नाण्याची काळजी करण्याचं कारण नाही.

‘चार वेळा छापा पडला, आता काटा येणारच’ या समजाचा मात्र इथे काडीचाही संबंध नाही. प्रत्येक फेक आधीच्यांपासून स्वतंत्र आहे, हे वरच्या प्रत्येक पायरीत गृहीत धरलंय. नाण्याला काही आठवत नाही. कागदावरची ओळ तेवढी आधीचं धरून ठेवते.

नाण्याऐवजी पत्त्यांनी खेळता येतं का?

येतं, आणि दुसऱ्याचा फायदा आणखी उघडा पडतो. स्टीव्ह हंबल आणि युताका निशियामा यांनी हा प्रकार मांडला. ५२ पत्ते पिसायचे, छापा-काट्याच्या जागी लाल आणि काळा. एकेक पान उघडायचं. ज्याची तिकडी आधी येईल त्याने तोवरची उघडलेली पानं एक हात म्हणून उचलायची आणि उरलेल्या पानांवर नव्याने सुरू करायचं. पत्ते संपेपर्यंत ज्याचे हात जास्त, तो जिंकला.

एका जोडात साधारण सात ते नऊ हात होतात, म्हणजे छोटे छोटे डाव एकामागून एक आणि शेवटी बहुमत. नाण्याच्या खेळात २/३ असलेल्या जोडीतही इथे दुसरा ८० टक्के किंवा त्याहून जास्त वेळा जिंकतो. लाल-लाल-लालसारख्या वेड्या निवडीपुढे तर तो जवळजवळ कधीच हरत नाही. पाहुण्यांसमोर दाखवायला नाण्यापेक्षा हाच प्रकार बरा, कारण निकाल एका बैठकीत पुरेसा ठळक येतो आणि सोफ्याखाली नाणं शोधावं लागत नाही.

संगणकावर पडताळून पाहायचं आहे. कसं?

पायथन असेल तर एवढं पुरे:

```python
import random

def khel(a, b):
    ol = ""
    while True:
        ol += random.choice("छक")
        if ol.endswith(a): return a
        if ol.endswith(b): return b

n = 10000
jit = sum(khel("छछक", "कछछ") == "कछछ" for _ in range(n))
print(jit / n)
```

दहा हजार डावांत उत्तर बहुतेक वेळा ०.७४ आणि ०.७६ यांच्यामध्ये पडेल. उत्तर येतच नसेल तर `ol = ""` ही ओळ कुठे आहे ते पाहा. ती चुकून `while` च्या आत गेली असेल तर ओळ कधी वाढणारच नाही आणि कार्यक्रम थांबणार नाही. आणि तुम्ही तीन-तीन फेकींचे सुटे गट तपासत असाल तर ०.५ च्या जवळ येईल, कारण तो पेनीचा खेळच नाही. दोन्ही मालिका बदलून वरच्या तक्त्यातल्या बाकी जोड्या आणि चार अक्षरांची कछकछ-छकछछ ही जोडीही याच कोडवर चालते.